आधी कोण? ८०८५च्या पाच इंटरप्टांचा क्रम

महाराष्ट्रात बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलांना दुसऱ्या पेपरात एक जुनी चिप भेटते: इंटेलची ८०८५. पॉलिटेक्निकच्या मुलांनीही तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जर्नले लिहिली आहेत. ‘८०८५चे इंटरप्ट सांगा, त्यांचा अग्रक्रम लिहा’ हा तिच्यावरचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तरही ठरलेले असते. पाच ओळींचा तक्ता, वर ट्रॅप, खाली आयएनटीआर, मध्ये तीन आरएसटी, आणि प्रत्येकासमोर ‘मास्केबल’, ‘व्हेक्टर्ड’ असे शब्द. तक्ता बरोबर असतो आणि गुणही मिळतात. पण त्याच विद्यार्थ्याला विचारावे, ‘आरएसटी ७.५चे काम चालू असताना खालच्या क्रमांकाचा ५.५ मध्ये घुसू शकतो का?’ बहुतेक जण ठामपणे ‘नाही’ म्हणतात. खरे उत्तर ‘हो, घुसू शकतो’ असे आहे. ते का, हे समजले की तो तक्ता पाठ करण्याची वस्तू राहत नाही.

त्यासाठी या पाचही पिना प्रत्यक्ष कामाला जुंपलेल्या पाहाव्या लागतात. १९८३ साली अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचा एक लहान संगणक विकायला आला. तो जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवला होता. वहीएवढा आकार, चार साधे पेन्सिल सेल, आठ ओळींचा पडदा आणि आतच बसवलेला मॉडेम. हॉटेलच्या खोलीत बातमी टंकायची आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवायची, ही सोय झाल्यामुळे फिरतीवरच्या वार्ताहरांनी तो उचलून धरला. त्याच्या पोटात ८०८५चीच कमी वीज खाणारी आवृत्ती होती, सेकंदाला सुमारे साडेचोवीस लाख ठोक्यांच्या गतीने चालणारी.

या यंत्राला एकाच वेळी बरीच अवधाने सांभाळावी लागत. वार्ताहर टंकत असतो, तारेवरून अक्षरे येत असतात, घड्याळ पुढे सरकत असते आणि सेल कधीही मान टाकू शकतात. यातल्या प्रत्येकाकडे जाऊन ‘तुझे काही काम आहे का?’ असे प्रोसेसर सतत विचारत बसला, तर मूळ काम करायला वेळच उरणार नाही. म्हणून उलटी व्यवस्था केलेली असते. ज्याला काम आहे त्याने प्रोसेसरच्या ठरलेल्या पिनेवर विजेचा इशारा द्यायचा. हाच इंटरप्ट. ८०८५ला अशा पाच पिना आहेत, सहाव्या क्रमांकाच्या पिनेपासून दहाव्यापर्यंत, आणि त्या नेमक्या अग्रक्रमानेच एकीखाली एक मांडल्या आहेत: ट्रॅप, आरएसटी ७.५, आरएसटी ६.५, आरएसटी ५.५, आयएनटीआर.

इशारा आला म्हणून प्रोसेसर हातातली आज्ञा अर्धवट टाकत नाही. ती पूर्ण करतो आणि तिच्या शेवटाकडे पाचही पिनांवर नजर टाकतो. कुणाचा इशारा मान्य झाला, तर पुढे कुठली आज्ञा चालवायची होती तो पत्ता स्टॅकवर ठेवतो आणि त्या इशाऱ्यासाठी लिहिलेल्या उपप्रोग्रामकडे उडी घेतो. या उडीला घड्याळाचे बारा ठोके लागतात. मॉडेल १००च्या गतीने ते जेमतेम पाच मायक्रोसेकंद होतात. काम संपले की स्टॅकवरचा पत्ता उचलून पहिल्या जागी परत. वार्ताहराच्या बोटांना यातले काहीच जाणवत नाही.

आता मॉडेल १००मध्ये कुणाला कुठली पिन दिली होती ते पाहू. ट्रॅपवर ‘वीज खाली येते आहे’ हा इशारा होता. आरएसटी ७.५वर घड्याळाच्या चिपकडून दर चार मिलिसेकंदांच्या आसपास एक ठोका येई, आणि त्या ठोक्यावर कीबोर्ड तपासणे, कर्सर लुकलुकवणे अशी नित्याची कामे होत. आरएसटी ६.५वर तारेवरून आलेले अक्षर. आरएसटी ५.५वर बारकोड वाचणारी पेनासारखी कांडी, जी ग्राहकाने जोडली तरच असे.

ट्रॅपची नेमणूक लगेच पटते. सेल संपत असताना ‘थांब, माझे काम होऊ दे’ असे म्हणण्याची मुभा कोणत्याही प्रोग्रामला असून चालत नाही. नॉन-मास्केबल म्हणजे नेमके हेच. मास्क करणे म्हणजे इशाऱ्यावर पडदा टाकणे. बाकीच्या चार पिनांवर प्रोग्राम पडदा टाकू शकतो. DI ही आज्ञा दिली की चारही एकदम बंद, EI दिली की पुन्हा खुल्या. शिवाय SIM या आज्ञेने तीन आरएसटींपैकी हवा तो एकेकटा बंद ठेवता येतो. आयएनटीआरला असा स्वतंत्र पडदा नाही, तो फक्त DI आणि EI यांच्या ताब्यात असतो. ट्रॅपवर मात्र यातली एकही आज्ञा चालत नाही.

ज्याला कुणी रोखू शकत नाही तो चुकून आला तर मोठेच नुकसान, म्हणून ट्रॅपच्या पिनेवर दुहेरी अट आहे. विजेची पातळी खालून वर चढली पाहिजे आणि प्रोसेसरने दखल घेईपर्यंत ती वरच टिकली पाहिजे. तारेत क्षणभर उसळलेला खोटा झटका पहिल्या अटीत बसतो, पण दुसऱ्या अटीत गळतो. एकदा दखल घेतल्यावर तीच पातळी वर राहिली तरी ट्रॅप पुन्हा लागत नाही. पातळी खाली येऊन परत चढावी लागते.

तरीही ट्रॅपची एक जोखीम उरतेच, आणि पाठ्यपुस्तकात तिला सहसा जागा मिळत नाही. यंत्र नुकतेच सुरू झाले आहे, प्रोग्रामने स्टॅक कुठे आहे हे अजून सांगितलेले नाही, आणि तेवढ्यात ट्रॅप आला तर? बाकीच्या चौघांचा प्रश्न येत नाही, कारण रीसेटनंतर ते आपोआप बंदच असतात. ट्रॅप मात्र तेव्हाही खुला असतो. परतीचा पत्ता मग स्टॅकच्या नावाखाली कुठल्या तरी भलत्याच जागी लिहिला जातो, कदाचित रॉमवर, जिथे काही लिहिताच येत नाही. परतीची वाट तिथेच पुसली जाते. असे यंत्र दहादा नीट सुरू होते आणि अकराव्यांदा अडकते. दोष शोधणाऱ्याने अशा वेळी सर्वांत आधी पाहावे, की प्रोग्रामच्या अगदी पहिल्या आज्ञांमध्ये स्टॅकचा पत्ता ठरवला आहे की नाही.

मास्केबल आहे का, हा एक प्रश्न. व्हेक्टर्ड आहे का, हा पूर्ण वेगळा. उत्तरपत्रिकेत या दोहोंची हमखास सरमिसळ होते. पहिल्या प्रश्नात इशारा रोखता येतो का हे पाहायचे असते. दुसऱ्यात, इशारा मान्य झाल्यावर कुठे जायचे हे प्रोसेसरला स्वतःलाच ठाऊक आहे का, हे पाहायचे असते. ट्रॅप आणि तीन आरएसटी या चौघांचे पत्ते चिपमध्येच कोरलेले आहेत, म्हणून ते व्हेक्टर्ड. पत्ता पाठ करण्याचीही गरज नाही, कारण नावातल्या आकड्याला आठने गुणले की तो मिळतो. साडेसात गुणिले आठ म्हणजे साठ, आणि साठ हा आकडा सोळाच्या पायात लिहिला की 003CH. त्याच रीतीने ६.५चा 0034H आणि ५.५चा 002CH. ट्रॅपचे दुसरे नाव आरएसटी ४.५ असे धरले, की त्याचा 0024H हा पत्ताही याच हिशेबात बसतो.

हे अर्धे आकडे कुठून आले? ८०८५च्या आधी, १९७४ साली, इंटेलची ८०८० आली होती. तिच्यात RST 0 ते RST 7 अशा आठ आज्ञा होत्या आणि त्यांच्या जागा आठ-आठ बाइटांच्या अंतरावर होत्या. नव्या चिपवर जुने प्रोग्राम चालले पाहिजेत, म्हणून त्या जागा हलवता येत नव्हत्या. नव्या पिनांना मग दोन जुन्या जागांच्या बरोबर मधली जागा मिळाली. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चारच बाइट आले. चार बाइटांत उपप्रोग्राम मावत नाही, पण दुसरीकडे पाठवणारी JMP ही तीन बाइटांची आज्ञा मावते. म्हणून 003CH या जागी खरे काम कधीच नसते, पुढच्या पत्त्याची एक उडी असते. नवशिक्याने तिथेच काम लिहायला घेतले, तर पाचवा बाइट RST 8च्या नव्हे, मोकळ्या मेमरीत जातो आणि चूक खपून जाते. पण हाच प्रकार 002CH वर केला, तर तो सरळ 0030H वर, म्हणजे RST 6च्या जागेवर चढतो. चूक मग दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर दिसते.

पाचवी पिन, आयएनटीआर, जुन्या ८०८०च्या पद्धतीने चालते. तिला पत्ता ठाऊक नसतो. इशारा मान्य झाला की प्रोसेसर शेजारच्या अकराव्या पिनेवरून पोच देतो, आणि ज्याने बोलावले त्यानेच डेटाच्या तारांवर एक आज्ञा ठेवायची असते. बहुधा ती आठ RST आज्ञांपैकी एक असते. पत्ता असा बाहेरून येतो, म्हणून आयएनटीआर नॉन-व्हेक्टर्ड. तिच्या मागे ८२५९ ही चिप लावली, तर एकाच पिनेवर आठ उपकरणे जोडता येतात. ती चिप RSTऐवजी CALL देते, त्यामुळे मेमरीत कुठेही जाता येते. सगळ्यात खालचा क्रम असलेली ही पिन, पण विस्ताराला सर्वांत मोकळी.

आता मुख्य गोष्टीकडे. समजा, मॉडेल १००ला केबलने दुसरा संगणक जोडला आहे आणि सेकंदाला ९६०० बिटांच्या गतीने मजकूर येतो आहे. एका अक्षराला पुढचे-मागचे बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर. एका आज्ञेच्या शेवटी प्रोसेसर पाहतो, तर घड्याळाचा ठोका आणि नवे अक्षर दोन्ही हजर. तक्ता लागू होतो तो इथे. ७.५ वरचा, म्हणून घड्याळ आधी. प्रोसेसर 003CHकडे जातो, आणि जाता जाता मास्केबल इंटरप्ट आपोआप बंद करतो, जणू कुणी DI दिली असावी. अक्षर ताटकळत राहते. घड्याळाच्या उपप्रोग्रामला कीबोर्डची सारी जाळी तपासायची असते. तेवढ्यात पुढचे अक्षर पूर्ण आले, तर आधीचे न वाचलेले अक्षर पुसले जाते आणि बातमीतले एक अक्षर गळते.

म्हणजे ज्याला खरी घाई आहे तो खालच्या पिनेवर आहे आणि ज्याला थोडे थांबता येते तो वरच्या. मॉडेल १००च्या रॉममध्ये यावर काढलेला तोडगा या चिपचा स्वभाव नेमका दाखवतो. घड्याळाचा उपप्रोग्राम रजिस्टरे स्टॅकवर ठेवून झाला की लगेच हे करतो:

```
MVI A,0DH
SIM
EI
```

0DH म्हणजे दोनाच्या पायात 00001101. उजवीकडून पहिले तीन बिट अनुक्रमे ५.५, ६.५ आणि ७.५चे. एक असेल तर बंद, शून्य असेल तर खुला. चौथा बिट ‘हे तीन बिट खरोखर लागू कर’ असे सांगतो. म्हणजे बारकोड बंद, घड्याळ स्वतः बंद, तारेवरचे अक्षर खुले. मग EI. यानंतर अक्षर आले, की ६.५ हा ७.५च्या चालू कामात खुशाल शिरतो, अक्षर उचलून ठेवतो आणि परततो. घड्याळाचे काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते.

तक्त्यातला अग्रक्रम एकाच क्षणापुरता असतो, हे यावरून दिसते. दोन इशारे एकाच वेळी हजर असतील तर कुणाला आधी घ्यायचे, इतकेच तो ठरवतो. एकदा उपप्रोग्राम सुरू झाला, की तो वरच्याचा आहे की खालच्याचा याची चिपमध्ये कुठेही नोंद राहत नाही. EI दिली आणि पडदा टाकला नाही, तर ७.५च्या कामात ५.५सुद्धा शिरतो. इंटेलच्या स्वतःच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिले आहे. चालू कामाचे संरक्षण हवे असेल, तर ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने SIMने करायचे. या बाबतीत ८०८५ हात वर करते, आणि शिकवतानाही हे आवर्जून सांगायला हवे.

मग घड्याळाला वरची पिन का शोभते? पिना इशारा ओळखतात त्या पद्धतीत याचे उत्तर सापडते. ६.५ आणि ५.५ पातळी पाहतात. प्रोसेसर बघेल तेव्हा पिन वर असली पाहिजे, त्याआधी येऊन गेलेल्या इशाऱ्याची दखल नाही. ७.५ मात्र चढती कडा पाहते आणि तिची नोंद आतल्या फ्लिप-फ्लॉपमध्ये ठेवते. दारावरची घंटा एकदा वाजवून माणूस निघून गेला तरी आतल्या पाटीवर त्याचे नाव राहावे, तसे. घड्याळाचा ठोका येतो आणि जातो, त्याला कडेची नोंद ठेवणारी पिनच हवी. अक्षर मात्र वाचले जाईपर्यंत आपला इशारा वर धरून ठेवते, त्याला पातळीची पिन पुरते. कुठल्या उपकरणाला कुठली पिन द्यायची हे ठरवताना अग्रक्रमाइतकाच इशाऱ्याचा हा स्वभावही पाहावा लागतो.

या नोंदीला दोन बाजू आहेत. ७.५ पडद्याआड असताना कडा आली, तरी नोंद होते, आणि पडदा उघडताच जुन्या इशाऱ्यासाठी उडी लागते. प्रोग्राम सुरू होताच, बटण न दाबता, पहिला इंटरप्ट आला तर कारण बहुधा हेच असते. त्यावर उपाय SIMमध्येच आहे. उजवीकडून पाचवा बिट एक केला की जुनी नोंद पुसली जाते. दुसरी बाजू अशी, की नोंद एकच राहते. पडद्याआड दोन ठोके येऊन गेले तरी ते एकच मोजले जातात. इंटरप्ट फार वेळ बंद ठेवणाऱ्या यंत्राचे ठोके मोजून चालवलेले घड्याळ म्हणून हळूहळू मागे पडते.

EIबद्दल एक बारकावा राहिला. ही आज्ञा लगेच लागू होत नाही, तिच्यानंतरची एक आज्ञा पूर्ण झाल्यावर होते. उपप्रोग्रामच्या शेवटी EI आणि मग RET लिहितात ते याच भरवशावर. RET पूर्ण होऊन परतीचा पत्ता स्टॅकवरून उचलला जातो आणि मगच पुढचा इंटरप्ट येऊ शकतो. EI तत्काळ लागू झाली असती, तर इशाऱ्यांची रांग लागलेली असताना परतीचे पत्ते एकावर एक साचून स्टॅक मेमरीभर पसरला असता.

८०८५चे किट हाताशी असेल, तर ७.५ची नोंद डोळ्यांनी पाहता येते. इंटेलच्या मूळ एसडीके-८५ किटवर VECT INTR हे बटण ७.५च्याच पिनेला जोडलेले होते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच किटांवरही व्हेक्टर इंटरप्टचे तसेच बटण असते. हा छोटा प्रोग्राम भरावा:

```
      DI
      MVI A,1FH
      SIM
LOOP: RIM
      ANI 40H
      JZ LOOP
      STA 2050H
      HLT
```

2050H ऐवजी आपल्या किटच्या रॅममधला पत्ता घ्यावा. DIने सारे इंटरप्ट बंद, 1FHने तिन्हींवर पडदा आणि जुनी नोंद साफ. RIM ही आज्ञा कोण खोळंबले आहे ते सांगते, आणि 40H हा त्यातला ७.५चा बिट. प्रोग्राम चालू करून थोडे थांबावे, तो फेऱ्या मारत राहील. मग व्हेक्टर इंटरप्टचे बटण दाबून लगेच सोडावे. त्यानंतर रीसेट करून 2050H उघडावे. तिथे 40 दिसेल. इंटरप्ट एकही लागलेला नाही, 003CHकडे कुणी गेलेले नाही, बोटही बटणावरून उचललेले आहे, तरी नोंद झालेली आहे. हे एकदा पाहून मग उत्तर लिहायला बसावे, आणि तक्त्याखाली एक ओळ जरूर जोडावी: हा क्रम एकाच वेळी आलेल्या इशाऱ्यांपुरता आहे, चालू उपप्रोग्रामला त्याचे संरक्षण मिळत नाही.